रात्रीच घशाशी का येते?

सातारा-सांगलीकडच्या घरांत एक वाक्य नेहमी कानावर पडते. "रात्री पित्त झालं होतं, डोळ्याला डोळा लागला नाही." असे म्हणणारी व्यक्ती दिवसभर बहुधा ठीक असते. तीच भाकरी, तेच कालवण दुपारी पचते आणि रात्री मात्र छातीत जळजळ होऊन घशाशी आंबट येते. असे का व्हावे? अन्न तेच, जठर तेच, माणूस तोच. मग रात्रीत असे काय बदलते?

बहुतेक जण उत्तर देतील की रात्री जठरात आम्ल जास्त तयार होते. हे थोडेफार खरे आहे, कारण रिकाम्या जठरातून आम्ल पाझरण्याचे प्रमाण रात्री उशिरा वाढलेले असते. पण खरे कारण वेगळेच आहे. ते समजले, की कोणती सवय बदलल्याने फरक पडेल आणि कोणती बदलल्याने पडणार नाही, हे आपले आपल्यालाच सांगता येते.

आधी 'पित्त' या शब्दाविषयी थोडेसे. शरीरशास्त्रात पित्तरस म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा, कडू रस. तो जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला अन्नात मिसळतो. घशाशी येते ते बहुतेक वेळा पित्त नसून जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल असते. म्हणूनच त्याची चव कडू नसून आंबट लागते. बोलण्यात 'पित्त' हा शब्द राहू द्यावा, पण विचार करताना आम्ल डोळ्यांसमोर ठेवावे.

दारावरचा पहारेकरी

आपली अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची असते. ती छातीतून खाली येते, श्वासपटलातील एका छिद्रातून पोटात उतरते आणि जठराला मिळते. या जोडावर तीन-चार सेंटिमीटर लांबीचा वलयाकार स्नायू आहे. पिशवीच्या तोंडाची नाडी ओढून धरावी तसा तो एरवी आवळलेला असतो. घास आला की तो सैल होतो आणि घास गेला की पुन्हा आवळतो. बाहेरून श्वासपटलाचे स्नायूही त्याला आधार देतात.

जठराच्या आतल्या पृष्ठभागावर श्लेष्म्याचा जाड थर असतो. त्यामुळे जठर स्वतःच्या आम्लाने पोळत नाही. अन्ननलिकेला असे चिलखत नाही. द्रवाची आम्लता मोजण्यासाठी सामू ही मोजपट्टी वापरतात, हे तुम्ही शिकला असालच. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो आणि तो एक अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. जठररसाचा सामू दीड-दोनपर्यंत उतरतो. अन्ननलिकेतला सामू ४ च्या खाली गेला की डॉक्टर तेथे आम्ल चढले असे धरतात. याच पातळीखाली जठरातले पेप्सिन हे प्रथिने पचवणारे विकरही जोमाने काम करू लागते.

आता एक आश्चर्याची गोष्ट. निरोगी माणसाच्या अन्ननलिकेतही आम्ल रोज चढते! पोटभर जेवल्यावर जठर ताणले गेले, की हा वलयाकार स्नायू घास आलेला नसतानाही मधूनमधून काही सेकंद सैल पडतो. ढेकर येते ती अशाच वेळी. हवेबरोबर थोडे आम्लही वर येऊ शकते. असे सैल पडणे जेवणानंतरच्या जागेपणी सर्वांत जास्त होते. गाढ झोपेत ते क्वचितच घडते. म्हणजे आम्ल वर येण्याचे प्रसंग मोजले, तर ते दिवसा जास्त आणि रात्री कमी!

मग त्रास रात्री का वाढतो? कारण आम्ल किती वेळा चढले यापेक्षा ते किती वेळ तेथे राहिले, हे जास्त महत्त्वाचे आहे.

झाडू आणि पोछा

अन्ननलिकेत चढलेले आम्ल साफ कसे होते, याचा एक सुरेख प्रयोग अमेरिकेतील हेल्म, डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी निरोगी व्यक्तींच्या अन्ननलिकेत १५ मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडले. त्या आम्लात अत्यल्प किरणोत्सारी खूण मिसळली होती. त्यामुळे ते कोठे आहे हे बाहेरून कळत होते, आणि आतील सामूही त्याच वेळी मोजला जात होता.

त्यांना काय दिसले? एक-दोनदा गिळताच जवळजवळ सगळे आम्ल जठरात परत गेले. अन्ननलिकेत उरला तो भिंतीला चिकटलेला, एक मिलिलिटरहूनही कमी असा पातळ थर. पण सामू मात्र अजून खालीच होता! पुढच्या प्रत्येक गिळण्याबरोबर तो एकेक पायरी वर चढत गेला. मग त्यांनी तोंडातली लाळ नळीने बाहेर काढून घेतली. आता माणूस गिळत होता, पण लाळ खाली जात नव्हती. सामू वर येईचना. उलट, चघळायची गोळी देऊन लाळ वाढवली, तेव्हा तो लवकर वर आला.

याचा अर्थ, ही सफाई दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा झाडूचा. अन्ननलिकेचे आकुंचन आणि गुरुत्वाकर्षण मिळून आम्लाचा मोठा भाग खाली लोटतात. दुसरा टप्पा पोछ्याचा. लाळेत बायकार्बोनेट असते. ते भिंतीवरच्या उरलेल्या थराचे उदासिनीकरण करते. दिवसभरात आपण एक ते दीड लिटर लाळ नकळत गिळतो, ती केवळ घास ओला करण्यासाठी नसते.

आता झोपलेल्या माणसाकडे पाहा. तो आडवा झाला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाची मदत संपली. जागेपणी आपण मिनिटाला साधारण एकदा गिळतो. झोपेत तासाला थोड्याच वेळा गिळतो. आणि झोप लागली की लाळ पाझरणे जवळजवळ थांबते. झाडूवाला आणि पोछेवाला दोघेही रजेवर! त्यात आम्ल वर आले तर ते मिनिटभराने नव्हे, तर बऱ्याच वेळाने जाते. घशाजवळचा वरचा वलयाकार स्नायूही झोपेत सैलावतो. म्हणून काही जणांना ठसका लागून जाग येते किंवा सकाळी आवाज घोगरा होतो.

हिशेबासाठी आकडे धरून पाहू. समजा, एखाद्याला दिवसभरात २० वेळा आम्ल चढले आणि दर वेळी एका मिनिटात साफ झाले, तर एकूण २० मिनिटे झाली. रात्री फक्त दोनदाच चढले, पण दर वेळी २० मिनिटे राहिले, तर ४० मिनिटे झाली. प्रसंग एक-दशांश, पण पोळणे दुप्पट! दिवसाच्या १४४० मिनिटांपैकी ४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ५८ मिनिटांपर्यंत, सामू ४ च्या खाली राहणे डॉक्टर सर्वसामान्य मानतात. आपल्या उदाहरणातला माणूस साठ मिनिटांवर, म्हणजे ही रेषा जेमतेम ओलांडून गेला आणि तेही केवळ रात्रीच्या दोन प्रसंगांमुळे.

करून पाहा

तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या पांढऱ्या कागदावर चोळून तो वाळवा. कागद जांभळट होईल. आम्ल लागले की तो गुलाबी होतो आणि अल्कलीने हिरवट-निळसर होतो. आता काचेच्या पेल्यात तीन चमचे लिंबाचा रस घेऊन हलवा आणि रस ओतून टाका. पेला रिकामा दिसतो, पण ओल्या भिंतीला जास्वंदीच्या कागदाचा तुकडा लावा. तो गुलाबी होईल. हा झाला झाडूनंतर उरलेला थर. अर्धा कप पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवून त्यातला एकेक चमचा पेल्यात घाला, सगळीकडे फिरवा आणि दर वेळी नवा कागद लावून पाहा. कितव्या चमच्याला रंग बदलतो? तो तुमचा पोछा. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग दोन गटांना द्यावा. एका गटाने दर मिनिटाला एक चमचा घालावा, दुसऱ्याने दर दहा मिनिटांना. दुसरा गट म्हणजे झोपलेला माणूस.

एका रात्रीचा तपास

आता वाळवा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची कल्पना करा. उसाला पाणी पाजून तो रात्री साडेनऊला घरी येतो. दहाला जेवायला बसतो. दोन भाकरी, वर तेलाचा तवंग आलेला अख्खा मसूर, कांदा, शेवटी भात. दिवसभराची भूक एकदम भागवतो. साडेदहाला अंग टाकतो. साडेबाराच्या सुमारास घशाशी आंबट येऊन जागा होतो, उठून बसतो, पाणी पितो. थोड्या वेळाने बरे वाटते.

उठून बसल्यावर बरे का वाटले, हे आता तुम्ही सांगू शकाल. बसल्याने झाडू सुरू झाला, आणि जाग येऊन गिळल्याने पोछा. पण मूळ चूक साडेबाराची नाही, ती साडेदहाची आहे. अशा जेवणातले निम्मे अन्न जठरातून पुढे जायला दीड-दोन तास लागतात आणि जठर बरेचसे रिकामे व्हायला चारेक तास. तेल-तुपाने हा वेळ आणखी वाढतो. म्हणजे आडवे होताना जवळजवळ सगळे जेवण जठरातच होते. जठर ताणलेले असल्याने स्नायू वरचेवर सैल पडत होता, आणि आम्ल जोडाशी येऊन ठेपले होते.

आता त्याच्या सवयी एकेक करून तपासू.

पहिली गोष्ट म्हणजे जेवण आणि झोप यांतले अंतर. हे तीन तासांचे असावे. साडेदहाला झोपायचे तर जेवण साडेसातला. पण पाणी पाजायला जायचे तर साडेसातला घरी जेवणार कसे? येथे जेवण दोन भागांत वाटता येते. मुख्य जेवण शेतावर निघण्यापूर्वी संध्याकाळी घ्यावे किंवा डबा बांधून न्यावा. परतल्यावर भूक लागली तर थोडेच आणि बिनतेलाचे काही खावे. साखर कारखान्यात पाळीने काम करणाऱ्यालाही हेच लागू आहे. घड्याळात किती वाजले याला महत्त्व नाही. शेवटच्या मोठ्या जेवणानंतर किती वेळाने आडवे झालो याला आहे. दुपारच्या वामकुक्षीलाही तोच नियम.

दुसरी गोष्ट उशाकडची उंची. खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर जाडीचे, न सरकणारे लाकडी ठोकळे ठेवतात. खाट १८० सेंटिमीटर लांब आणि ठोकळा २० सेंटिमीटरचा धरला, तर २५ सेंटिमीटरच्या अन्ननलिकेचे वरचे टोक खालच्या टोकापेक्षा २५ × २० ÷ १८० म्हणजे सुमारे पावणेतीन सेंटिमीटर उंच राहील. उंची थोडीच, पण द्रव उताराला लागायला तेवढी पुरते. शेताची सरी किती कमी उताराने वाहते, हे तुम्ही पाहिलेच आहे.

येथे एक चूक हमखास होते. उंची हवी म्हणून लोक दोन-तीन उशा एकावर एक ठेवतात. त्याने फक्त मान वाकते; छाती सपाटच राहते. उलट शरीर कमरेत दुमडले तर पोटावर दाब येऊन आम्ल वर ढकलले जाते. उतार कमरेपासून डोक्यापर्यंत सलग हवा. जमिनीवर झोपणाऱ्यांनी वाकळा किंवा घोंगड्या घडी करून पाचरीसारखा उतार करावा: कमरेशी एक घडी, पाठीखाली दोन, खांद्यांखाली आणखी.

तिसरी गोष्ट म्हणजे कूस. जठर पोटात डावीकडे असते आणि त्याचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या जोडाच्या डाव्या बाजूला असतो. डाव्या कुशीवर झोपले की हा फुगीर भाग खाली जातो. आम्ल त्यात डबक्यासारखे साठते आणि जोड त्याच्या वर राहतो. उजव्या कुशीवर नेमके उलटे होते. जोड खाली आणि डबके वर. नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम येथे ५७ जणांवर केलेला असा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेत छातीला लावलेल्या उपकरणाने कूस टिपली आणि अन्ननलिकेतल्या नळीने सामू. आम्ल चढण्याचे प्रसंग तिन्ही स्थितींत जवळजवळ सारखेच होते. पण ते साफ होण्याचा मध्यक वेळ डाव्या कुशीवर ३५ सेकंद, उताणे असताना ७६ आणि उजव्या कुशीवर ९० सेकंद निघाला. येथेही दिसते तेच, की किती वेळा यापेक्षा किती वेळ, हाच खरा प्रश्न. झोपेत कूस बदलते हे खरे. पण निदान झोपी जाताना, जठर भरलेले असते त्या वेळी, डावी कूस धरावी.

चौथी गोष्ट तंबाखू. आपल्या भागात रात्री झोपण्यापूर्वी तंबाखूचा बार भरण्याची किंवा मिश्री लावण्याची सवय अनेक घरांत असते. पुष्कळ जण तर ती पोट साफ राहावे म्हणून करतात. तंबाखूतले निकोटिन वलयाकार स्नायू सैल करते. म्हणजे पहारेकऱ्याला झोपायच्या वेळीच गुंगी दिल्यासारखे होते. तंबाखूचे इतर अपाय तुम्हाला ठाऊक आहेतच.

पाचवी गोष्ट पोटावरचा दाब. पोटाचा घेर वाढलेला असला की तो दाब चोवीस तास जठरावर असतो. वजन कमी झाल्याने त्रास कमी होतो हे चांगले सिद्ध झालेले आहे. पण त्याला महिने लागतात. झोपताना लेंग्याची किंवा परकराची नाडी सैल करणे मात्र आजच करता येते.

जे उपाय वाटतात तसे नाहीत

झोपताना कपभर दूध घ्यावे, असे पुष्कळजण सांगतात. दुधाने आम्ल काही काळ सौम्य होते, म्हणून बरे वाटते. पण दुधातली प्रथिने आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात, आणि जठर पुन्हा भरते ते वेगळेच.

खाण्याच्या सोड्याचे रसायन तर सरळ आहे:

NaHCO₃ + HCl → NaCl + H₂O + CO₂

आम्ल नाहीसे होते, पण कार्बन डायऑक्साइडने जठर फुगते. फुगले की स्नायू सैल पडून ढेकर येते, आणि ढेकरेबरोबर उरलेले आम्लही येऊ शकते. शिवाय सोड्यातून सोडियम शरीरात जाते. रक्तदाब असणाऱ्यांनी रोज सोडा घेणे योग्य नाही.

आणि कांदा-लसूण मसाला? त्याला दोष देणे सोपे असते. तिखट मिरचीमुळे आधीच पोळलेल्या अन्ननलिकेची आग जास्त जाणवते, हे खरे. पण कोणाला कशाचा त्रास होतो, हे माणसागणिक बदलते. तिखट सोडून दहाला पोटभर अळणी जेवून लगेच झोपणाऱ्याचा त्रास फारसा कमी होणार नाही. म्हणून सगळेच पदार्थ एकदम बंद करण्यापेक्षा जो पदार्थ पुनःपुन्हा त्रास देतो असे नोंदीवरून दिसेल तेवढाच टाळावा.

वही ठेवा

घरात कोणाला असा त्रास असेल, तर तुम्ही त्यांना शास्त्रीय पद्धतीने मदत करू शकता. वहीत रोज पाच रकाने भरा: शेवटचे जेवण केव्हा, आडवे केव्हा झाले, उशाकडे उतार होता का, झोपी जाताना कोणती कूस, आणि रात्री किती वेळा जाग आली. पहिला आठवडा काहीही न बदलता नुसती नोंद करा. मग दुसऱ्या आठवड्यात फक्त जेवणाची वेळ बदला. तिसऱ्यात त्याला उताराची जोड द्या. सगळे एकदम बदलले, तर गुण कशाचा आला ते कळणार नाही. एका रात्रीच्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नका. लग्नाच्या जेवणावळीची रात्र आणि एकादशीची रात्र यांची तुलना होऊ शकत नाही.

सवयींची मर्यादाही ओळखली पाहिजे. श्वासपटलाच्या छिद्रातून जठराचा भाग वर सरकलेला असेल किंवा अन्ननलिकेला जखमा झाल्या असतील, तर केवळ कूस आणि ठोकळे पुरत नाहीत. औषधे लागतात आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असतात. घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, उलटीत रक्त किंवा डांबरासारखी काळी शौचास होणे, यांपैकी काही दिसले, किंवा आठवड्यातून दोन-तीन रात्री असा त्रास महिनाभर चालू राहिला, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. आणि छातीत दाबल्यासारखे दुखून ते हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम फुटत असेल, दम लागत असेल, तर 'पित्त असेल' म्हणून सोडा देत बसू नये. हृदयविकाराचा झटकाही असाच भासतो. त्या माणसाला लगेच दवाखान्यात न्यावे.

आपल्या शेतकऱ्याची वही तिसऱ्या आठवड्यात कशी दिसेल? आता तुम्हीच सांगा. त्याने संध्याकाळी सहाला भाकरी-मसूर खाल्ला, साडेनऊला परतल्यावर वाटीभर भात घेतला आणि साडेदहाला उताराच्या वाकळेवर डाव्या कुशीवर झोपला. त्याच्या जठरात साडेदहाला काय उरले असेल, ते जोडाच्या वर असेल की खाली, आणि त्यातले काही निसटलेच तर ते कोणत्या दिशेने वाहील? आकृती काढून या तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. त्या वाटीभर भाताने हिशेबात किती फरक पडला, हेही लिहायला विसरू नका.